होणाऱ्या बाळाचा फोटो आणि भाच्याचे कान

फोटोकाकूंच्या स्टुडिओतल्या आरशाला कंगवा दोरीनं बांधलेला आहे. आधीचे सगळे कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून निघून गेले, म्हणून. त्या आरशासमोर निम्म्या गल्लीनं भांग पाडलाय आणि म्हटलंय, "काकू, जरा बरा काढा हं."

काकूंचं उत्तर ठरलेलं. "काढताना आहे तसाच येतो. बरा नंतर करते."

नंतर बरा करणं हेच त्यांचं खरं काम. लग्न होऊन आल्या तेव्हा काका कॅमेऱ्यामागे असायचे आणि काकू मागच्या खोलीत, बारीक कुंचला घेऊन निगेटिव्हवर ओणव्या. कुणाचा मुरुम घालवायचा, कुणाच्या डोळ्यांखालचं काळं उजळायचं. पुढे काका गेले, निगेटिव्ह गेल्या, कॉम्प्युटर आला. काकूंनी चष्म्याचा नंबर बदलला आणि काम चालू ठेवलं. फाटलेले, वाळवी लागलेले, चहा सांडलेले फोटो त्या असे नीट करतात की घरची माणसं आधी फोटोकडे बघतात आणि मग काकूंकडे.

काही वर्षांपूर्वी त्यांनी एक नवीन काम सुरू केलं. आई आणि बाबांचा एकेक फोटो द्या, होणारं बाळ कसं दिसेल त्याचा फोटो घ्या. नवी जोडपी हसत यायची, फ्रेम करून न्यायची. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'आमचं बाळ'. सुरुवातीला काकू 'आमचं बाळ, एक अंदाज' असं लिहायच्या. मग एक गिऱ्हाईक म्हणालं, "अंदाज कसला काकू, मजा घालवता!" आणि काकूंनी तो शब्द काढून टाकला. चूक म्हणायची तर एवढीच.

एका दुपारी स्टुडिओत चौघं आली. पुढे एक सासूबाई, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. टेलरकाम करून हयात घालवलेली बाई, बोटाला अजून सुईच्या खुणा. त्यांच्या मागे मुलगा, मान खाली. शेवटी सून, कडेवर सहा महिन्यांचं बाळ.

सासूबाईंनी फ्रेम टेबलावर ठेवली आणि कागद काढला. "ओळखता ना? तुम्हीच केलंय."

काकूंनी चष्मा लावला. फोटोतलं बाळ उजळ, सरळ केसांचं, नाजूक नाकाचं, कान डोक्याला छान चिकटलेले. मग त्यांनी कडेवरच्या बाळाकडे पाहिलं. सावळं, डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल, कान दोन्ही बाजूंना उघड्या खिडक्यांसारखे. नाकाला अजून फारसा आकार नव्हता, पण जेवढं होतं तेवढं रुंद होतं.

"गोड आहे हो," काकू म्हणाल्या.

"गोड आहेच. पण कुणासारखं आहे?" सासूबाईंनी सुनेकडे न बघता विचारलं. "फ्रेम भिंतीवर आहे. येणारा माणूस आधी भिंतीकडे बघतो, मग पाळण्याकडे. आणि गप्प बसतो. शेजारीण तर तोंडावर म्हणाली, यांच्या घरात असं कुणी नाही."

"आई, इथे कशाला..." मुलगा पुटपुटला.

"तूच म्हणालास ना, एकदा बाळाचं रक्त तपासून घेऊ?"

मुलाची मान आणखी खाली गेली. आता सून पुढे आली. आवाज शांत होता, पण बाळाच्या पाठीवरची बोटं घट्ट झाली होती. "काकू, मी तपासणीला तयार आहे. उद्या म्हणाले तर उद्या. पण त्या तपासणीनंतर मी या घरात राहीन की नाही, ते मी ठरवणार. आणि एका फ्रेमवरून हे सगळं होणार असेल, तर आधी तुम्ही सांगा. ही फ्रेम तुम्ही कशावरून केली?"

काकूंनी आधी दाराची पाटी उलटी करून 'बंद' केली. मग कॉम्प्युटर लावला. "बसा. करून दाखवते, तोंडी सांगून कळायचं नाही."

दोघांचे फोटो अजून कॉम्प्युटरवर होते. त्याचा ओळखपत्रासाठी काढलेला, तिचा लग्नातला. काकूंनी दोन्ही चेहरे सरळ केले, एकावर एक ठेवले. "हे बघा. डोळ्यावर डोळा, ओठांच्या कोपऱ्यावर कोपरा, हनुवटीवर हनुवटी. अशा खुणा करायच्या. मग कॉम्प्युटर दोन्ही चेहरे मधोमध ओढतो आणि रंगही निम्मे निम्मे मिसळतो."

पडद्यावर एक मोठं माणूस उमटलं. ना पुरुष, ना बाई. त्वचा अगदी तुकतुकीत.

"हे कोण?" सासूबाई दचकल्या.

"कुणीच नाही. दोघांची सरासरी. एकाचा तीळ दुसऱ्याला नसतो, तो पुसट होतो. एकाचं नाक वाकडं, दुसऱ्याचं सरळ, की वाकडेपणा अर्धा होतो. म्हणून ही सगळी बाळं देखणीच येतात. आता याचं लहान मूल करायचं. कपाळ मोठं, डोळे खाली, गाल फुगवायचे, नाक बारीक, हनुवटी आत. हे मी हातानं करते. सगळ्याच बाळांना."

"आणि रंग?" सुनेनं विचारलं.

"लग्नात तुझ्या चेहऱ्यावर मेकअप किती होता? आणि वरून फोटोवाल्याचा दिवा. तोच रंग मिसळला. तू आत्ता बसलीयेस तो रंग या फोटोत आलाच नाही."

"मग केस? कान?" सासूबाईंनी फ्रेममधल्या कानावर बोट ठेवलं. "आमच्याकडे कुणाचे असे कान नाहीत, हे मी फ्रेम आणली तेव्हाच म्हटलं होतं."

काकू पहिल्यांदाच थोड्या अडखळल्या. "केस आणि कान नीट मिसळत नाहीत. दुहेरी कडा येते, भुतासारखी. म्हणून ते दुसऱ्या फोटोतून घ्यावे लागतात."

"कुणाच्या?"

"माझ्या भाच्याच्या. लहानपणच्या."

सासूबाईंनी फ्रेम उचलून ते कान जवळून पाहिले.

"माझा भाचा आता नळदुरुस्ती करतो," काकू म्हणाल्या. "मिशा आहेत त्याला. पण त्याचे लहानपणचे कान आणि केस गावातल्या बऱ्याच न जन्मलेल्या पोरांना लागलेत."

सुनेला हसू आलं, आणि ते तिनं बाळाच्या डोक्यात लपवलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "बरं, कान सोडा. नाक तर यांचंच आहे ना?"

काकूंनी माऊस थोडा सरकवला. मधोमध असलेलं मिश्रण आईच्या बाजूला गेलं. नाक बदललं. मग वडिलांच्या बाजूला. पुन्हा दुसरंच मूल. "यातलं तुमचं कोणतं? मी त्या दिवशी मध्ये थांबले, म्हणून तुमच्या भिंतीवर ते लागलं. थोडी पुढे थांबले असते तर दुसरं लागलं असतं."

"खरं मूल पण असंच होतं ना? निम्मं आईचं, निम्मं बापाचं?" मुलानं पहिल्यांदा मान वर केली.

"निम्मं निम्मं खरं. पण कोणतं निम्मं, ते कुणाच्या हातात नसतं. आणि तुमच्या अंगात तुमच्या आईवडिलांचं, आजीआजोबांचंही असतं, ते तोंडावर दिसतंच असं नाही. या फोटोला फक्त तोंड दिसतं." काकू थांबल्या, मग सासूबाईंकडे वळल्या. "तुमच्या लग्नाचा फोटो मी नीट करून दिला होता. कडेला फाटलेला. आहे माझ्याकडे. लावू?"

सासूबाईंनी मानेनंच होकार दिला.

पडद्यावर जुनं जोडपं आलं. दोघंही कॅमेऱ्याकडे बघत, श्वास रोखून. तेव्हाचं त्यांचं वय आताच्या मुलाएवढंच. काकूंनी दोन्ही चेहरे कापून एकावर एक ठेवले, खुणा केल्या, मिसळले. सावकाश एक माणूस उमटला. लांबट चेहरा, पातळ ओठ, शांत डोळे, आणि वडिलांची मिशी अर्धी पुसट होऊन ओठावर काजळी फासल्यासारखी.

"हा तुमचा मुलगा," काकू म्हणाल्या.

सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग शेजारी बसलेल्या मुलाकडे. गोल चेहरा, जाड ओठ, रुंद नाक.

"छे! हा कुठला माझा मुलगा?"

"तुमच्या दोघांच्या फोटोतून आलाय. भाच्याचं काही वापरलं नाही."

"पण याचं नाक तर माझ्या भावाचं आहे! लहानपणापासून सगळे म्हणतात, मामाचं नाक. ओठ सासऱ्यांचे. आणि..." त्या बोलता बोलता थांबल्या.

बाळानं नेमकी तीच वेळ साधून आजीच्या पदराचं टोक ओढलं.

सासूबाईंनी ते सोडवलं नाही. "मी आयुष्यभर कपडे शिवले," त्या हळू म्हणाल्या. "लाल कापड आणि पांढरं कापड जोडलं, तर गुलाबी झगा होत नाही. बाही लाल होते, अंग पांढरं होतं. आणि कधी कधी पेटीच्या तळातला तुकडा लावावा लागतो."

"मग हे बाळ आपलंच, हे सिद्ध झालं ना?" मुलानं घाईनं विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "काहीच सिद्ध झालं नाही. फोटो बाळाच्या बाजूनं बोलत नाही आणि विरुद्धही बोलत नाही. त्याला काही माहीतच नाही. मीच खाली 'आमचं बाळ' लिहिलं, तिथे गडबड झाली."

मुलगा बायकोकडे वळला. "नको करायला तपासणी. खरंच नको."

"आता नको म्हणतोयस." सून उठून उभी राहिली. "आता हा फोटो खोटा ठरला म्हणून. मी तर पहिल्यापासून हीच होते." तिनं बाळाला सावरलं. "काकू, एक फोटो काढाल? बाळाचा आणि माझा. दोघांचाच."

"आणि मी?" मुलगा म्हणाला.

"तुझं नंतर बघू."

सासूबाईंनी आरशाचा कंगवा ओढला, दोरी जेवढी पुरली तेवढा पुढे आणला, आणि बाळाच्या कुरळ्या केसांत घातला. कंगवा तिथेच अडकला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "आहे तसेच येऊ देत." मग सुनेचा पदर खांद्यावर सारखा केला. माफी बिफी त्यांनी मागितली नाही. सुनेनं पदर तसाच राहू दिला.

जुनी फ्रेम स्टुडिओतच राहिली. जाताना सासूबाई पडद्यावरच्या लांबट चेहऱ्याच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याची मात्र एक प्रत द्या. हा न झालेला मुलगाच बरा दिसतो. हा बायकोच्या बाजूनं बोलला असता."

ती प्रत आज काकूंच्या काचेच्या कपाटात आहे, सासूबाईंच्या परवानगीनं. शेजारी त्या जुन्या जोडप्याचा फोटो, आणि त्याच्या शेजारी खऱ्या मुलाचा. होणाऱ्या बाळाचा फोटो मागायला कुणी आलं, की काकू आधी त्यांना तिथे उभं करतात आणि विचारतात, "यातला यांचा मुलगा कोणता?" बहुतेक सगळे चुकतात. मग हसतात आणि तरीही फोटो करून घेतात.

सोनेरी अक्षरं आता दोन ओळींची असतात. कुणी म्हटलं, "काकू, अंदाज हा शब्द काढा ना, मजा जाते," तर काकू म्हणतात, "मग फ्रेम दुसरीकडून करून घ्या. माझ्या भाच्यासारखा भाचा सगळीकडे मिळतो."

परवा मुलगा स्टुडिओत आला होता. एकटा. चौघांचा फोटो कधी काढता येईल, असं विचारत होता. काकू म्हणाल्या, "ते मला विचारू नको. तिला विचार." तो म्हणाला, विचारलंय. ती म्हणाली, बाळ चालायला लागू दे, मग बघू.

काकूंनी आरशासमोर खुर्ची सरकवली. "मग तोपर्यंत बस. ओळखपत्राचा तुझा तो फोटो बदलून टाकू. फार खाली बघतोयस त्यात."