टाकीतली एक वीत

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना आमची सगळी सोसायटी आत्या म्हणते. खरी आत्या ती कुणाचीच नाही. खिडकीशी शिवणयंत्र, यंत्राशी आत्या, आणि खिडकीतून सरळ खाली दिसणारं फाटक, हे मी राहायला आलो तेव्हापासून बघतोय. नवरा लवकर गेला. या यंत्रावर तिनं मुलगा शिकवला. यंत्र अजून पायाचंच आहे. मोटार बसवा म्हटलं तर म्हणाली, "पाय रिकामे ठेवून काय करू?"

मुलगा, सून आणि दोन नातवंडं दूर असतात. शेवटचे आले तेव्हा नळाला पाणी नव्हतं आणि टँकर दोन दिवस आला नव्हता. सुनेनं शेजारच्या इमारतीतून तीन मजले बादल्या चढवल्या. दोन लहान मुलं घरात आणि संडासात पाणी नाही. सून भांडली नाही. बॅगा भरल्या एवढंच. निघताना मुलगा म्हणाला, "आई, पाण्याची सोय झाली की येतो."

तेव्हापासून नातवंडांचे कपडे आत्या अंदाजानं शिवते. फोनवर उंची विचारते. मुलगा म्हणतो, "वाढलीत गं, खूप वाढलीत." यावर कापड कसं कापायचं? मग ती मोठंच कापते आणि खाली चांगली चार बोटं दुमड ठेवते. असे कपडे तिच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेले आहेत.

सोसायटीनं गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायचं ठरवलं. टाकी केवढी, हे काढायला एक इंजिनियर बाई आल्या. मी जन्मभर गवंडीकाम केलं, म्हणून त्यांच्याबरोबर फिरायचं काम माझ्याकडे आलं. टेपचं दुसरं टोक मी धरलं. गच्ची चारशे चौरस मीटर भरली. आमच्याकडे पाऊस वर्षाला आठशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. त्यातलं काही गच्ची पिते, काहीची वाफ होते, काही उडतं. म्हणून बाईंनी शंभरातले ऐंशीच धरले. हिशेब आला दोन लाख छप्पन्न हजार लिटर.

मग माणसं मोजायची. हे पाणी संडास-फरशीला वापरायचं, माणशी रोज पंचेचाळीस लिटर. म्हणून घरोघर विचारत गेलो, "तुमच्यात किती जण?"

वर्गणी माणशी पडणार अशी कुजबूज आधीच पोचली होती. त्यामुळे माणसं आटली. पहिल्या मजल्यावरचा ड्रायव्हर म्हणाला, "आईला धरू नका, ती बहिणीकडे असते." आतून म्हातारी ओरडली, "मेल्या, मग सकाळी तुझी कॉलर कोण घासतं?" बाई हसल्या आणि म्हातारी मोजली.

आत्याच्या दारात उलटंच झालं.

"पाच," आत्या म्हणाली.

बाईंनी आत पाहिलं. एक खाट, एक खुर्ची, एक यंत्र.

"बाकीचे कामावर गेलेत का?"

"यायचेत."

"कधी?"

"पाणी झालं की."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी टेप गुंडाळत राहिलो.

"आत्या," बाई म्हणाल्या, "मला राहती माणसं मोजावी लागतात. न राहणारी धरली तर टाकीचं माप चुकेल."

"मी पोरीचा फ्रॉक आजच्या मापाचा शिवला तर तो वर्षात आखूड होतो. मग ती चूक कुणाची?"

"फ्रॉकची दुमड उसवता येते. टाकीची नाही येत."

"म्हणून तर म्हणते. आत्ताच मोठी करा."

"तुमचं म्हणणं सभेत मांडते," बाई म्हणाल्या. आत्यानं दोघांना चहा केला. कप दोनच होते, म्हणून ती नंतर प्यायली.

सभा जिन्याखाली भरली. बाईंनी आधी सगळ्यांचा एक गैरसमज काढला. गच्चीवर अडीच लाख लिटर पडतं म्हणून अडीच लाखांची टाकी लागत नाही. ती बांधायची तर सगळं आवार खणावं लागेल. पाऊस चालू असताना टाकी भरते, रिकामी होते, परत भरते. बघायचं एवढंच की मधल्या उघडीपीत ती किती दिवस पुरली पाहिजे. आमच्याकडे लांबात लांब उघडीप चौदा दिवसांची. राहती माणसं अठ्ठेचाळीस. म्हणजे तीस हजार लिटर. फाटक आणि जिना यांच्यामध्ये जागा होती चार मीटर बाय तीन मीटर. पाणी अडीच मीटर खोल धरलं की तीस हजार बसतं. वरून वाहून जाणारं बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचं.

"आणि आत्यांची चार माणसं धरली तर?" मी विचारलं.

बाईंनी आकडा आधीच काढलेला होता. "अडीच हजार लिटर वाढतात. लांबी-रुंदीला जागा नाही. खोली एकवीस सेंटिमीटर वाढवावी लागेल."

"म्हणजे एक वीत," मी म्हणालो.

सेक्रेटरी उठला. बँकेतला माणूस, वाईट नाही, पण जरा आगाऊ बोलणारा. "उद्या मीही म्हणेन, माझा चुलता येणार आहे. त्याची हत्तीसारखी अंघोळ असते. खणा अजून दोन विती!"

लोक हसले. आत्या हसली नाही. "तुमचा चुलता तुम्हाला नको असेल," ती म्हणाली. "मला माझे हवेत."

सेक्रेटरी खाली बसला.

मी म्हणालो, "वाद कशाला? खाली मुरूम लागला तर एक वीत जास्त खणणं म्हणजे दोन माणसांचं दोन दिवसांचं काम. खडक लागला तर आठवडाभर छिन्नी-हातोडा. तेवढे हात मी कुणाचे मोडायला सांगणार नाही. मुरूम असेल तर खणू, खडक असेल तर थांबू."

हे सगळ्यांना पटलं. आत्यालाही पटलं.

सभा उठल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. "आत्यांना एक गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. मुलांच्या सुट्ट्या उन्हाळ्यात. पाऊस संपला की ही टाकी पंधरा दिवसांत कोरडी होणार. वीत वाढवा नाहीतर दोन वाढवा."

ते मलाही ठाऊक होतं. मी तीन मजले चढून गेलो आणि आत्याला तसंच सांगितलं. गोड करून सांगण्यात अर्थ नव्हता.

आत्यानं कापडावरचा खडू झटकला. "मग पावसात येतील," म्हणाली.

"शाळा असते."

"एखादा शनिवार-रविवार असतोच की, मिस्त्री. मी काय वर्षभर राहा म्हणतेय?"

खोदाई सुरू झाली. दोन खोदणारे होते, काका-पुतणे. चांगले कामकरी. दर घावाला टिकाव खांद्याच्या वर जायचा आणि एक घाव फुकट जायचा नाही. मी कडेला खुर्ची टाकून बसायचो. आत्या शिवायचे कपडे घेऊन खाली यायची, काजं-बटणं करायची आणि दर घावाचा आवाज ऐकायची.

"मुरूमच ना?" ती विचारायची.

"अजून मुरूमच."

ठरलेल्या खोलीला पोचल्यावर जिन्याकडच्या बाजूला पहार टणकन वाजली. तसा आवाज एकदा ऐकला की दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. काकानं वर बघितलं. मी उतरलो. गुडघे नको म्हणत होते, तरी उतरलो. पहार घेऊन सगळा तळ ठोकून पाहिला. जिन्याकडचा अर्धा भाग काळा खडक, फाटकाकडचा अर्धा मुरूम. मधे सरळ रेघ मारावी तसा.

वर आत्या उभी होती. "काय लागलं?"

"अर्धा खडक."

"आणि अर्धा?"

"मुरूम."

इंजिनियर बाईंना फोन लावला. त्यांनी येऊन बघितलं. म्हणाल्या, फाटकाकडचा अर्धा भाग वीतभर खोल घेतला तरी चालेल. गाळ त्या खोलगटात बसेल, तळ साफ करायलाही बरं. फक्त दोन तळांमधल्या पायरीवरची सळई नीट वळवायची. त्यात पाणी मावणार साडेबाराशे लिटर.

"किती माणसांचं झालं?" आत्यानं विचारलं.

"चौदा दिवसांच्या हिशेबानं दोघांचं," बाई म्हणाल्या.

आत्यानं पुतण्याकडे पाहिलं. तो टिकाव घेऊन थांबलाच होता. "खण बाबा," ती म्हणाली. "नातवंडांची जागा झाली. मोठी माणसं आपलं बघतील."

टाकी झाली. सळई मी स्वतः पाहिली, गिलावा दोनदा घोटून घेतला. गच्चीवरून पाणी उतरवणारे सगळे नळ एका पाइपात आणले. पहिल्या सरीचं धुवणाचं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी, मग वाळू-खडीची गाळणी, मग टाकी. पावसानं आपल्या वेळेला ती भरली. लोकांनी झाकण उघडून बघून घेतलं आणि आठवड्यात विसरले. बटण दाबलं की पाणी येतं, एवढंच माणसाला हवं असतं.

आत्या विसरली नाही. मध्ये एकदा मोठी उघडीप पडली. मी पाणी बघायला झाकण उघडलं तर ती माझ्या मागे उभी. बॅटरी मारली. पाणी बरंच खाली गेलं होतं. खडकाच्या बाजूचा तळ ओला दिसत होता, आणि फाटकाकडच्या खोलगटात पाणी शांत उभं होतं. पंपानं हवा ओढायला सुरुवात केली होती.

"ते का राहिलं?" तिनं विचारलं.

"पंपाचा पाइप तिथवर जात नाही. तळाला टेकवला तर गाळ ओढेल. म्हणून वीतभर वर ठेवलाय."

"म्हणजे माझ्या नातवंडांचं पाणी कुणालाच मिळत नाही?"

"नाही."

मला वाटलं ती रागावेल. ती वाकून बघत राहिली.

"बरं आहे," म्हणाली. "ते येईपर्यंत राहील." मग जरा वेळानं, "ते आले तर पाइप खाली सोडता येईल का हो?"

"तुकडा जोडला की झालं. आधी तळ साफ करावा लागेल. वीतभरातून चार बोटं कमी तुकडा. चार बोटं गाळासाठी सोडायची."

"मग करून ठेवा."

मी केला. लोखंडी पाइपाचा तुकडा मापानं कापला, दोन्ही टोकांना आटे पाडून आणले. तिला नेऊन दिला. तिनं हातात घेऊन जोखला आणि यंत्राच्या खणात, रिळांच्या शेजारी ठेवला.

त्या रविवारी तिनं माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. टाकी झाली म्हणाली. मुलगा म्हणाला, "छान झालं, आई." ती म्हणाली, "पाऊस आहे तोवर या." तो म्हणाला, "बघतो." मग तिनं उंची विचारली. तो म्हणाला, "वाढलीत गं."

पाऊस संपत आलाय. गुडघ्यांना तीन मजले झेपत नाहीत, तरी आठवड्यातून एकदा मी वर जातो. आत्या यंत्रावर असते, डोळा फाटकावर असतो. खण उघडून ती तुकडा मला दाखवते. गंज चढू नये म्हणून दोन्हीकडच्या आट्यांना ती यंत्राचं तेल लावून ठेवते.