उत्तरतालिकेतला डोंगर

विश्वनाथ आहिरे सरांचा आवाज चढला की सेक्टर ३४ मधल्या आमच्या क्लासच्या तिन्ही मजल्यांना कळतं. मूळचे सटाण्याचे, हवाई दलातून निवृत्त, नऊ वर्षं इथं भूगोल शिकवतात. पूर्ण फोटो न बघता जो उत्तर ठोकतो, त्याला ते तासभर मागच्या भिंतीशी उभं करतात. मी शेजारी इतिहास शिकवते. इथं उत्तरेत, या क्लासात आम्ही दोघंच मराठी, म्हणून त्यांचा राग आधी माझ्या डोक्यावर.

परवाचं कारण हरलीन. आमच्या क्लासच्या मोफत जागेच्या परीक्षेत फोटोवरून पठार ओळखायचं होतं. तिनं 'दख्खन' लिहिलं, उत्तरतालिकेत 'छोटा नागपूर'. एका गुणानं तिची जागा हुकली. वडील डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात. फी भरणं त्यांना झेपणारं नव्हतं.

"सर, सपाट पहाड़ तो छोटा नागपुर में भी हैं," ती तावातावानं म्हणाली. "पर ढलान पर सीढ़ियाँ देखिए, लावा की परतें. और खेत की मिट्टी काली है. वहाँ ज़्यादातर लाल होती है."

सर फोटो बघून भडकलेच. "वल्लरी, बघ गं! लाव्हाचे थर एकावर एक. कठीण टिकतो, मऊ झिजतो, म्हणून या पायऱ्या. त्याच बेसॉल्टची ही काळी माती. कुठल्या गाढवानं केली ही तालिका?"

तसेच ते संचालकांच्या खोलीत घुसले आणि टेबलावर मूठ आपटली. मी मागोमाग होतेच. संचालकांनी फाइल उघडली. तालिकेखाली सरांचीच सही होती.

"मला काळी-पांढरी झेरॉक्स दिली होती," सर माझ्याकडे वळून पुटपुटले. "मातीचा रंग दिसणार कुठून? छोटा नागपूरात, नेतरहाटला असलेच सपाट माथे पाहिले होते मी."

माझं डोकंच फिरलं. ती झेरॉक्स फाइलमध्ये होती. "आणि या पायऱ्या? या तर झेरॉक्समध्येही दिसतायत, सर! माथा बघितलात आणि सही ठोकलीत. त्या पोरीनं काय करायचं?"

सरांनी झेरॉक्स उचलून डोळ्यांजवळ धरली.

"रिज़ल्ट बदलूँगा," संचालक म्हणाले, "लेकिन ग़लती आपके नाम से सब पेरेंट्स को जाएगी. सोच लीजिए, आहिरे जी."

सरांनी कागद ओढला आणि लिहिलं: 'हरलीन सही थी. बिना पूरा देखे जवाब मैंने दिया.' सही इतकी दाबून केली की कागद फाटला. संध्याकाळी हरलीनचं नाव यादीत आलं. तरी माझा राग गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गातून आवाज येईना, म्हणून मी डोकावले. फळ्यापाशी खडू घेऊन हरलीन डोंगराच्या पायऱ्या काढत होती. सर मागच्या भिंतीशी उभे होते, तासभर.