फक्त गुरुवारी चुकणारी तारीख

दुबईत, करामाच्या आमच्या कुरिअर ऑफिसात हेमलता साटम सॉफ्टवेअरच्या तक्रारी पुण्याच्या प्रोग्रॅमरला ईमेलनं कळवायची. २००२ साली तिनं लिहिलं, "डिलिव्हरीची तारीख चुकते. अर्जंट." उत्तर आलं, "आमच्याकडे बरोबर येते."

बाई भडकली. सोमवारी स्वतः पार्सल नोंदवून पाहिलं, तर तारीख खरंच बरोबर! मंगळवारीही बरोबर. "मला भास होतात की काय?" तिचं डोकंच चालेना.

जुन्या पावत्या चाळल्यावर दिसलं, चूक फक्त गुरुवारची. मग तिनं रिपोर्ट नव्यानं लिहिला. काय करायचं: कॉम्प्युटरची तारीख गुरुवारची ठेवा, नवं पार्सल नोंदवा, सेव्ह करा, डिलिव्हरीची तारीख बघा. काय यायला हवं: शनिवार. काय येतं: शुक्रवार.

पुण्याहून त्या प्रोग्रॅमरचा, जाधवरांचा फोन आला. "मॅडम, तसंच केलं. शुक्रवारच आला. पण यात चूक काय?"

"अहो, शुक्रवारी सुट्टी असते!"

"कुठे?"

दुबईतल्या अकरा वर्षांत हेमलताला हे कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. 'शनिवार'पुढे तिनं टाइप केलं, "कारण आमच्याकडे शुक्रवारी सुट्टी असते," आणि 'आमच्याकडे' या शब्दाकडे बघत बसली.