साठ आकडे

त्या गावातल्या विहिरींचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. गावाचं नाव तेव्हा छापलं होतं. इथे लिहीत नाही. वरच्या अंगाला एक डिस्टिलरी होती. तिथलं मळीमिश्रित पाणी ओढ्यात सोडलं जातं, असं गाव म्हणत होतं. कारखाना नाही म्हणत होता. मी जिल्ह्यातल्या बातम्या देत असे. गावाचं म्हणणं दोनदा छापलं, दोनदा कारखान्याचा खुलासा आला. संपादकांनी सांगितलं, आता कागद आण.

कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. सोडलेल्या पाण्याच्या तपासणीचे खरे आकडे एका वहीत लिहिले जात आणि तपासणीला येणाऱ्यांसमोर दुसरी वही ठेवली जाई. तिथे कंत्राटावर काम करणारा एक सहायक त्याच गावचा होता. पहिल्या वहीचे फोटो मोबाईलवर पाठवायला तो तयार झाला. अट एकच होती, नोकरी जाता कामा नये.

आम्ही राहुरीच्या बसस्थानकाबाहेर चहाच्या गाडीवर भेटलो.

"साहेब, हे मधी कुनी वाचंल का?"

मी त्याला नीट समजावलं. त्याच्या फोनमधून निघतानाच मजकुराला कुलूप लागतं आणि ते माझ्याकडेच उघडतं. मेसेज पोहोचवणाऱ्या ॲपच्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. कोण कोणाला कधी मेसेज करतो, एवढं मात्र तिला कळू शकतं.

"म्हंजी पोस्टमन पत्ता वाचतो, पाकीट फोडत न्हाई."

"तसंच."

"आमच्या गावचा फोडायचा," तो म्हणाला आणि हसला.

मधे कोणी बसलेलं नाही, याची खात्री करायला ॲप साठ आकडे दाखवतं. दोन्ही फोनवर ते सारखे हवेत. मी वाचत गेलो, तो बोट ठेवून तपासत गेला. "बारावीच्या निकालाला बी एवढं बघितलं नव्हतं," तो म्हणाला. आकडे जुळले. मग मेसेज चोवीस तासांत आपोआप पुसले जातील, असं केलं. बॅकअप बंद केला. गॅलरीतले फोटो पाठवल्यावर लगेच पुसून टाकायला सांगितलं. त्याच मेनूत जोडलेल्या उपकरणांची एक ओळ होती. ती उघडायला मी सांगितलं नाही.

तीन आठवडे फोटो येत राहिले. एका दुपारी तो स्वतः आमच्या कार्यालयात आला. हातात कारखान्याचं लांबट पाकीट होतं.

"कामावरून काढलं," तो म्हणाला. "आन हे दिलं. मोठे साहेब म्हनले, घे, पत्रकाराला बी दाखव, छपाई कशी झालीय ते."

पाकिटात आमचं संभाषण होतं, कागदावर छापलेलं. त्याने पाठवलेले फोटो, मी विचारलेल्या तारखा. दुसऱ्या आठवड्यात त्याने पुन्हा शंका काढली होती, त्यावरचं माझं उत्तरही होतं: 'मध्ये कोणीही वाचू शकत नाही, निश्चिंत राहा.' त्या ओळीखाली लाल शाईने रेघ मारलेली होती.

मी त्याचा फोन मागितला आणि मेनूतली जोडलेल्या उपकरणांची ओळ उघडली. एक संगणक जोडलेला होता. शेवटचा वापर, आज सकाळी.

"हा कुठला?"

त्याने फोन जवळ घेऊन पाहिलं. "ल्याबमधला. पोरीचा शाळेचा दाखला आला हुता मोबाईलवर. प्रिंटर तिथंच हाय. तवा ॲप तिथल्या संगणकावर उघडाया त्यो चौकोनी कोड स्कॅन केला हुता. बंद करायचं राहिलं."

ते आमची ओळख होण्याच्या आधीचं होतं. तेव्हापासून त्याला आलेला आणि त्याने पाठवलेला प्रत्येक मेसेज त्या संगणकावरही उघडत होता. तिकडूनही तो चोवीस तासांनी पुसला जात होता. पण छापून घ्यायला तेवढा वेळ पुरेसा होता. साठ आकडे खरे होते. मधे कोणी नव्हतंच. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते शेवटच्या टोकाला, त्याच्याच नावाने बसून वाचत होते.

"आता काढू का ह्ये?"

"काढा."

त्याने संगणक यादीतून काढला.

मी म्हणालो, फोटोंच्या प्रती माझ्याकडे आहेत, आता बातमी छापता येईल.

"नगं, साहेब."

"तुमचं नाव येणार नाही."

"नाव कुनाला नवीन हाय आता? धाकला भाऊ तिथंच बॉयलरवर हाय. मोठे साहेब म्हनले, एक ओळ जरी आली तर त्यालाबी घरी धाडतो. घरात तेवढाच पगार राहिला."

मी त्याला पाणी दिलं. त्याने ग्लास उजेडासमोर धरला, मग प्याला.

"तुमच्याकडचं पुसा," तो म्हणाला. "माझ्यासमोर."

मी फोनमधल्या प्रती पुसल्या, नंतर कार्यालयातल्या संगणकावरच्या. तो खुर्चीमागे उभा राहून बघत होता. छापील कागद त्याने कारखान्यात परत द्यायला पाकिटात भरून नेले.

बातमी आली नाही. त्या वहीच्या पानांचे फोटो कुठे राहिले असतील, तर ते कारखान्याच्या फायलीत.