जळगावची पेढी

तापीकाठच्या आमच्या गावी, लालबाग स्टेशनजवळच्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी बिलं तपासणारा कारकून होतो. त्याआधी दोन वर्षं शाळेत मास्तरकी केली होती. पगार अठ्ठावीस रुपये. राजपुऱ्यातल्या घरून सकाळी पायी निघायचं आणि भोंगा व्हायच्या आत पोचायचं. तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि आमचा जिल्हा निमाड. मोठ्या कामाला खांडव्याला जावं लागे. आमची बँकही तिथलीच.

माझं काम सांगायला सोपं होतं. कारखान्याला लागणारं मशीनचं तेल, चामड्याचे पट्टे, गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या, बारदान हे सगळं बाहेरून येई. माल मागवल्याची नक्कल, फाटकावरची आवक वही आणि व्यापाऱ्याचं बिल, हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवायचे. तिन्ही जुळले की बिलावर ‘तपासले’ लिहून सही करायची. मग मुनीमजी खांडव्याच्या बँकेतून ड्राफ्ट काढून पाठवीत.

मुनीमजी साठीच्या घरातले. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. टेबलावर कागद कमी, पण त्यांच्याकडे एक लांबट वही असे. त्यात प्रत्येक व्यापाऱ्याला एक पान. त्या पानावर त्याची बिलं नंबरांच्या ओळीनं लिहिलेली आणि वर, डोक्याशी, त्याची बँक. मला ते दुहेरी काम वाटे. तीन कागद मी पाहतोच आहे, मग हे कशाला? एकदा मी तसं म्हणालोही.

ते म्हणाले, “तीन कागद आजचं सांगतात भाऊ. ही वही कालचं सांगते.”

मुंबईच्या एका पेढीकडून आम्ही तेल, चामड्याचे पट्टे आणि लोखंडी पट्ट्या घेत असू. त्या पेढीचा दलाल भुसावळला राही आणि महिन्यातून एकदा आमच्याकडे चक्कर टाकी. चाळिशीचा, पांढराशुभ्र सदरा, बोलायला मोकळा. मालाची मागणी तोच घेऊन जाई आणि पुष्कळदा बिलही तोच हाताने आणून देई. त्या वर्षी माझी बायको बाळंतपणानंतर उठत नव्हती. इथल्या डॉक्टरांनी एक औषध लिहून दिलं, पण ते गावात मिळेना. दलालानं ते मुंबईहून आणलं. पैसे देऊ लागलो तर म्हणाला, “राहू द्या भाऊसाहेब. वहिनींना बरं वाटलं म्हणजे झालं.” मी आग्रहानं दिले. पण तिला बरं वाटलं, हे खरं, आणि त्या माणसाविषयी माझ्या मनात एक ओलावा राहिला.

पुढं हिवाळ्यात मुनीमजी आजारी पडले आणि तीन आठवडे घरी होते. ड्राफ्टचं कामही माझ्याकडं आलं. त्याच दिवसांत मुंबईच्या पेढीचं पत्र आलं. वर छापील नाव, नेहमीचंच. मजकूर असा, की आमचं जुनं बँकेचं खातं बंद झालं आहे; खानदेश-निमाडचा व्यवहार आता आमची जळगावची जोडपेढी पाहील; यापुढं ड्राफ्ट जळगावच्या बँकेवर, जोडपेढीच्या नावानं काढावा. काही शंका असल्यास दलालांना विचारावं.

मी दलालालाच विचारलं. तो तेलाचं बिल घेऊन आला होता.

“हो, बदललंय,” तो म्हणाला. “मला किती सोपं झालं बघा. मुंबईची वाट पाहायला नको.”

बिल सातशे छप्पन्न रुपयांचं होतं. अठरा पिंपं, दर बेचाळीस. गुणाकार मी केला. तो बरोबर होता. आवक वही त्या दिवशी फाटकावर होती आणि हंगामात फाटकाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. उद्या पाहू म्हटलं. दलालाला परतीची गाडी गाठायची होती. ‘तपासले’ लिहिलं, सही केली आणि दुसऱ्या दिवशी जळगावचा ड्राफ्ट गेला. आवक वही मी नंतरही उघडली नाही, मागणीची नक्कलही काढून पाहिली नाही.

मुनीमजी परतले ते काठी टेकत. दुसऱ्याच आठवड्यात दलाल चामड्याच्या पट्ट्यांचं बिल ठेवून गेला, चारशे बारा रुपयांचं. माल मागाहून येतोय, पण पेढीला पैशांची निकड आहे, एवढं जमवा, असं म्हणाला. मी बिल मुनीमजींकडे नेलं आणि बँक बदलल्याचंही सांगितलं.

त्यांनी पत्र वाचलं. “माल मुंबईचा आणि पैसा जळगावला?”

“जोडपेढी आहे म्हणे.”

“म्हणे कोण?”

“दलाल.”

“आणि हे पत्र खरं की खोटं, ते कोणाला विचारलं?”

विचारलं होतं ते त्यालाच.

त्यांनी ती लांबट वही काढली, मुंबईच्या पेढीचं पान उघडलं आणि बिलाचा नंबर मला वाचायला सांगितला. मी वाचला. त्यांनी बोट पानावरून वर नेलं आणि एका जागी थांबवलं. तोच नंबर दिवाळीआधीच्या बिलाला होता. ते बिल लोखंडी पट्ट्यांचं होतं, रक्कम वेगळी, पैसे दिलेले.

“लिहिणाऱ्याची चूक असेल,” मी म्हणालो.

“एखादे वेळी असेल. पण बघ, त्या बिलानंतर त्यांची आणखी चार बिलं आली. नंबर वाढत गेले. हे मागे कसं आलं? बिलं म्हणजे काय उलटी वाहणारी तापी आहे?” मग म्हणाले, “मागचं तेलाचं बिल आण. आवक वही आण. आणि रेल्वेची बिल्टी.”

तिन्ही आणले. आवक वहीत त्या तारखेला आठ पिंपं. बिल्टीत, म्हणजे रेल्वेच्या मालपावतीत, आठ नग, आणि भाडंही आठांचंच भरलेलं. बिलात अठरा. मुनीमजींनी बिल खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. मलाही दाखवलं. आठच्या आधी जो एक होता, तो जरा दाटीनं बसला होता. एकूण रकमेत मात्र कागद दोन ठिकाणी पातळ झाला होता. मूळ तीनशे छत्तीस. दोन्ही तीन पात्यानं खरवडून त्यांचे सात आणि पाच केले होते. सहाला हात लावायची गरजच पडली नव्हती. शाई पातळ कागदावर फुटून केसासारखी पसरली होती. इतक्या दिवसांत ते मला दिसलं नाही, कारण मी बिल उजेडात धरलंच नाही. गुणाकार तेवढा केला.

मुनीमजींनी पत्राचं पाकीट कुठं आहे, एवढंच विचारलं. सुदैवानं ते पत्राला टाचलेलं होतं. टपालाचा शिक्का भुसावळचा होता.

“आता मुंबईला तार करतो,” मी उठलो.

“पत्ता कुठला टाकशील?”

“पत्रावर आहे ना.”

“पत्रावरचा नाही. पत्र ज्यानं लिहिलं, पत्ताही त्यानंच लिहिला. दोन वर्षांपूर्वीच्या बिलावरचा घे.”

दोन्ही पत्ते पडताळले. पत्रावर गल्लीचं नाव निराळं होतं. तार जुन्या पत्त्यावर गेली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, की बँक बदललेली नाही, जळगावच्या कुठल्याही पेढीशी आमचा संबंध नाही, आठ पिंपांचे तीनशे छत्तीस रुपये अजून येणे आहेत आणि चामड्याच्या पट्ट्यांची मागणी आमच्याकडे पोचलेलीच नाही.

मुनीमजी ती तार आणि सगळे कागद घेऊन कारखान्याच्या मालकांकडे, शेठजींकडे गेले. मी दाराशी उभा होतो. त्यांनी झाकून काही ठेवलं नाही. “पहिल्या बिलावर यानं न पाहता सही केली,” असंच सांगितलं. पुढं एवढं जोडलं, की ते स्वतः आजारी होते आणि माझ्या हाती दोन माणसांचं काम होतं. शेठजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. दलालाला काही कळू देऊ नका, असं म्हणाले.

तो ठरल्याप्रमाणे चारशे बारांची चौकशी करायला आला. मुनीमजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि ते बिल त्याच्या पुढं ठेवलं. शेजारी दिवाळीआधीचं, त्याच नंबरचं बिल ठेवलं. मग तेलाचं बिल. मग तार. बाहेरच्या खोलीत शहर पोलिसांचे जमादार बसले होते, ते त्याला दिसत होते.

दलालानं तार दोनदा वाचली. रागावला नाही, रडला नाही. कोरी बिलं पेढीच्या मुंबईच्या कचेरीतून उचलली होती आणि जोडपेढीच्या नावाचं जळगावचं खातं मेव्हण्यानं उघडलं होतं, हे त्यानं विचारल्यावर सांगितलं. मग माझ्याकडं वळला.

“भाऊसाहेब, तुमच्या नोकरीवर येईल असं वाटलं नव्हतं. दोन महिन्यांत पैसे परत ठेवणार होतो.”

“आठाचे अठरा केले, ते मी पाहणार नाही हे तुम्हाला कसं ठाऊक?” मी विचारलं.

“तुम्ही माझ्याशी बोलताना कागदाकडं बघत नव्हता,” तो म्हणाला.

औषध त्यानं मनापासून आणलं होतं की आधीच काही मनात धरून, हे मी विचारणार होतो. विचारलं नाही. बायकोनंही पुढं एकदा तेच विचारलं, तेव्हा मी ठाऊक नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं.

खटला चालला. माझी साक्ष झाली. वकिलानं मला विचारलं, की सही तुमची आहे ना, मग ‘तपासले’ म्हणजे काय तपासलं? मी गुणाकार, असं उत्तर दिलं. कोर्टात काहीजण हसले. दलालाला सजा झाली. मेव्हण्याच्या खात्यात पाचशे रुपये शिल्लक होते, ते परत मिळाले. मुंबईच्या पेढीचं खरं बिल शेठजींनी तिच्या जुन्याच बँकेत चुकतं केलं. राहिलेली तूट दरमहा पाच रुपयांनी माझ्या पगारातून फिटत गेली. नोकरी मात्र राहिली.

त्यानंतर बँक बदलल्याचं पत्र आलं, की मी ते बाजूला ठेवी आणि जुन्या बिलावरच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र टाकी. उत्तर येईपर्यंत ड्राफ्ट थांबे. बहुतेक वेळा बदल खराच निघे आणि व्यापारी चिडून लिहीत, की आमच्यावर विश्वास नाही का. एका नव्या दलालानं तर तोंडावर विचारलं. मी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तो पीत असताना त्याचं बिल खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.