भावानं निवडलेली डिझेल

मला सख्खा भाऊ नाही. मामेभाऊ आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि त्यानं ती जागा इतकी भरून काढली होती की सख्खा-चुलत-मामे असा हिशेब मी कधी केलाच नाही. भाऊबीज त्याची, राखी त्याची. शिवाय तो गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला, त्यामुळे आमच्या सगळ्या गोतावळ्यात कुणीही दुचाकीसुद्धा त्याला विचारल्याशिवाय घेतली नसती. आमच्यात पद्धतच तशी. डॉक्टर नात्यातला, वकील नात्यातला, गाडीवाला नात्यातला. परक्याला चार प्रश्न विचारायचे, घरच्याला एकही नाही. घरच्याला प्रश्न विचारला की त्याचा अपमान होतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि घरोघरी जाऊन व्यायाम करून घेते. कुणाचा गुडघा, कुणाचा अर्धांगवायू. विजापूर रोडवरून निघायचं, जुळे सोलापूर, तिथून सात रस्ता, मग होटगी रोड, मग अक्कलकोट रोडच्या कारखान्यांकडे, दुपारी परत उलटं. दिवसाला चाळीसेक किलोमीटर, आणि सगळे गावातल्या गर्दीतले. स्कूटरवर मशीन बांधून फिरताना माझीच कंबर धरली. लोकांच्या कंबरा सरळ करणारी बाई स्वतः वाकडी चालते म्हणून पेशंट हसायला लागले, तेव्हा ठरवलं, गाडी घ्यायची.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी, एवढाच प्रश्न मी भावापुढे ठेवला. त्याला माझा दिनक्रम तोंडपाठ होता. तरी मी पुन्हा सांगितलं, चार-पाच किलोमीटर गेलं की गाडी बंद, पाऊण तास पेशंटकडे, पुन्हा चालू.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "अक्का, पेट्रोल गाडी एसी लावून सिग्नलला उभी राहिली की नुस्तं पितीय बघ. सीएनजीला पंपावर रांग. आन् सिलिंडर डिकीत बसतंय, तुझी मशिनं कुटं ठेवतीस? डिझेल घे की. ताकद हाय, मायलेज लई भारी. डोळे झाकून घे."

मी डोळे झाकले. भाऊबीजेच्या दिवशी त्यानं चावी ओवाळणीच्या ताटात टाकली, वर सीट कव्हर आपल्यातर्फे. मामी म्हणाली, भाऊ असावा तर असा. मी पण तेच म्हणत होते, आणि मोठ्यानं.

महिना व्हायच्या आत गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. भावाला फोन केला तर तो हसला. "काय न्हाय गं, हायवेला एक चक्कर मार, आपोआप जाईल." गेला. काही दिवसांनी परत आला. पुन्हा हायवे. मग गाडीनं ओढणंच सोडलं, आसऱ्याच्या चौकात मागचे रिक्षावाले माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, आणि गाडी म्हातारीसारखी कण्हत चालली होती.

वर्कशॉपमधल्या माणसानं मला नीट समजावलं. हल्लीच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी एक गाळणी असते. गाडी एका वेगात बराच वेळ पळाली की ती तापते आणि साठलेली काजळी जळून जाते. गावात थांबत-थांबत फिरलं की ती पुरेशी तापतच नाही. जळायला सुरुवात झाली तरी आपण गाडी बंद करतो, काम अर्धवट राहतं, गाळणी भरत जाते. वर न जळलेलं डिझेल इंजिनच्या तेलात उतरतं, म्हणून तेलही लवकर बदलायचं. "मॅडम, तुमचं फिरणं बघता ही गाडी तुमच्यासाठी नाही," तो म्हणाला. मला त्याचाच राग आला. माझ्या भावापेक्षा याला जास्त कळतं?

तर त्या थंडीत मी दिवसभर पेशंटचे हातपाय हलवायचे आणि संध्याकाळी गाडीला फिरवून आणायचे. पुण्याच्या रस्त्याला मोहोळच्या दिशेनं जायचं, वळायचं, परत यायचं. काम काही नाही. लोक कुत्र्याला फिरवतात, मी काजळी जाळायला डिझेल जाळत होते. आणि तरीही भावाबद्दल मनात काही नव्हतं. त्यालाही हे माहीत नसेल, असं मी मला सांगत होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको शाळेत शिकवते. मुलांना सोडायचं, शाळा, शिकवण्या, तिचंही फिरणं माझ्याएवढंच. दारात तिची नवीकोरी गाडी होती, माझ्यानंतर महिन्याभरात घेतलेली. वाण देता देता ती भोळेपणानं कुरकुरली, "अक्का, तुमची गाडी बरी. माझ्या डिकीत सिलिंडर, एक बॅग मावंना. मी डिझेलच म्हनत हुते, पन हे ऐकतेत व्हय? म्हनले, रोज चाळीस किलोमीटर गावात फिरनाऱ्यानं डिझेल घ्यायचंच न्हाय, जाळीत काजळी बसती. सीएनजीच घे."

माझ्या हातातलं वाण तसंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, तिला काही माहीतच नव्हतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा, हे मी दुसऱ्यांबद्दल हसत म्हणत आले होते.

तो शोरूममधून आला तेव्हा मी फाटकातच उभी होते. त्याच्या गळ्यात शोरूमचं ओळखपत्र होतं. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

त्यानं बायकोच्या गाडीकडे बघितलं. "यार्डात ती एकच डिझेल उभी होती अक्का. साहेब रोज बोलत हुता. महिन्याअखेर काढायचीच हुती."

"मग मलाच का?"

"दुसरं गिऱ्हाईक इचारतंय की, रोजचं फिरणं एवढं, ही चालंल का? त्याला काय सांगू? तू इचारणार न्हाईस, म्हाईत हुतं."

शिवी दिली असती तर मी तिथंच परत दिली असती. पण हे तो अगदी खरं बोलला. त्यानं मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं, पेट्रोल पितं, सिलिंडर डिकीत बसतो, सगळं बरोबर. फक्त बायकोला जे सांगितलं ते मला नाही सांगितलं. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या फाटकात कळलं, आणि मला रडू आलं याचा अजून राग येतो.

"विकायची तर सांग," तो मागून म्हणाला, "गिऱ्हाईक बघतो. दिव्याचं त्याला काय बोलू नको."

गाडी मी माझी मीच विकली. बार्शीहून रोज सोलापूरला येणारा एक धान्याचा व्यापारी आला. पहिल्यांदा मी त्याला दिव्याचंच सांगितलं, गाळणीचं, तेलाचं, सगळं. त्यानं इंजिनचं तेल मोजायची पट्टी काढून बघितली, वास घेतला, गाडी हायवेवर पळवून आणली. खूश होऊन उतरला.

"मॅडम, गाडीत खोट कायबी न्हाय. आमच्यासारक्या रोज हायवेला पळनाऱ्याचीच हाय ही. गावातल्या गावात फिरायला ही कशाला घेतली तुमी? तुमच्यात गाड्यातलं कळणारं कुनी न्हवतं व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "कुणी नव्हतं."