रिक्षातून उतरणाऱ्यांच्या पिशव्या

बायको जाऊन सात महिने झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. घरात मी, मुलगा आणि सून. मुलगा मानपाड्याला एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत मशीनवर होता. कंपनी गुजरातला गेली, हा इथेच राहिला. वय त्रेचाळीस. या वयात दुसरी नोकरी कोणी देत नाही, हे त्याला चार महिने खेटे घातल्यावर कळलं. मग ठरलं, आमची पिठाची गिरणी विकायची आणि त्यातून एखादा गाळा घेऊन त्याने धंदा करायचा. डाव एकच होता. फसला तर दुसरा नव्हता.

मुलाने जागा हेरूनही ठेवलेली. शीळ रस्त्याच्या आत नवा रस्ता झालाय, त्यावर नर्सिंगच्या कॉलेजची इमारत उभी राहत होती. बरोबर समोर गाळे. तो म्हणाला, कॉलेज म्हणजे झेरॉक्स, वह्या, पेनं, डोळे झाकून चालणार. मी म्हणालो, डोळे झाकून मी मोरीतसुद्धा जात नाही. सून हसली. तो नाही हसला.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण धंद्याची जागा पारखायचं काम मला येतं, कारण ते मला बायकोने शिकवलं. आम्ही गावाकडून आलो तेव्हा मानपाड्याला चार इमारती आणि बाकी गवत. धंदा काय करायचा म्हणून मी लोकांना विचारत सुटलेलो. ती मात्र पिशवी घेऊन रिक्षा थांबायच्या तिथे जाऊन बसायची. घरी येऊन सांगायची, आज पाच बायका मांडीवर पिठाचे डबे घेऊन उतरल्या. लोक जे स्टेशनवरून उचलून आणतात ते इथे मिळत नाही, एवढंच बघायचं, असं तिचं म्हणणं. गिरणी टाकली ती त्या डब्यांवरून. मुलगा त्याच गिरणीवर मोठा झाला.

पुढे मला शहाणपण आलं. एका नव्या रस्त्यासाठी जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसल्या आणि डांबर पडायच्या आधीच मी तिथे दुसरी गिरणी घेतली. आपण सगळ्यांच्या आधी पोचलो म्हणून फुगलेलो. बायकोने एकच विचारलं, “अहो, कट कुठे ठेवणारेत?” दुभाजकात पलीकडे जायला जी फट सोडतात, तिला आमच्याकडे कट म्हणतात. मी म्हणालो, तू पोळ्या लाट. रस्ता झाला, मधे कमरेएवढा दुभाजक आला, आणि वस्ती सगळी पलीकडे. कट पार लांब, पेट्रोल पंपाशी. दहा किलोचा डबा घेऊन कोण बाई दुभाजक ओलांडेल? दीड वर्षात गिरणी बंद केली. तिने कधी बोलून दाखवलं नाही. फक्त जेवताना मी नको म्हटलं की विचारायची, आमटी घेता का कट मारून जाता?

तर मुलाला मी सांगितलं, आठ दिवस दे. तो चिडला, गाळा हातचा जाईल म्हणाला. मी म्हणालो, जाऊ दे.

पहिल्या दिवशी नव्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी जाऊन बसलो आणि सरळ रडलो. एवढी वर्षं हे बघायचं काम दोघांनी केलेलं. टपरीवाल्याने पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी डोळे पुसून कामाला लागलो.

आधी दुभाजक बघितला. गाळ्यांसमोर कट नव्हता, पुढे नाल्याच्या पुलाशी होता. मग कॉलेजच्या वॉचमनशी गप्पा मारल्या. तो म्हणाला, समोरचं गेट गाड्यांसाठी आहे, पोरी मागच्या गल्लीतून येणार, कारण होस्टेल तिकडे आहे. होस्टेल अर्धवट होतं. पहिल्या वर्षाचा वर्ग शेजारच्या इमारतीत एक मजला भाड्याने घेऊन आधीच सुरू झालेला, आणि पोरी मागच्या इमारतींमध्ये सहा-सहा जणी मिळून राहत होत्या. मान वर करून बघितलं तर गॅलऱ्यांमध्ये पांढरेच कपडे.

मग मी मागच्या गल्लीत बसायला लागलो. शेअर रिक्षावाले कोणी न सांगता तिथे उभे राहायला लागलेले. माणसं कुठे आहेत हे पाटीच्या आधी रिक्षावाल्याला कळतं. उतरणाऱ्या पोरींच्या हातातलं बघत होतो. गल्लीतल्या पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी चार. हँगरला लावलेला पांढरा युनिफॉर्म, वर वर्तमानपत्र गुंडाळलेलं, रिक्षाच्या टपाला हात टेकेल इतका उंच धरलेला. एकीला विचारलं, बाळ, हे कुठून आणतेस?

“स्टेशनजवळून. सुरकुती दिसली की मॅडम वर्गात घेत नाहीत, आजोबा.”

आणि झेरॉक्स? ती म्हणाली, नोट्स मोबाईलवर येतात, प्रिंट कॉलेजातच निघते.

घरी येऊन सांगितलं, मागच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान टाकायचं. मुलगा ताटावरून उठला. म्हणाला, वीस वर्षं मशीन चालवली, आता पोरींचे कपडे इस्त्री करत बसू का? सून म्हणाली, इस्त्रीपण मशीनच असते, आणि माझ्या साड्या फुकटात करताना नाही वाटली कधी लाज. तो तिच्यावर ओरडला. मी मधे पडलो. मला गोड बोलता येत नाही. म्हणालो, “तुझी आई होती तेव्हा मी तिचं ऐकलं नाही आणि बुडालो. आता ती नाही. आता तरी मला तिचं ऐकू दे.”

सकाळी तो चप्पल घालून माझ्या आधी दारात उभा.

गल्लीत तो दोन तास नुसता उभा राहिला. हँगर त्यानेही बघितले. मग त्याला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. इमारतींना टँकरचं पाणी. म्हणाला, इथे धुलाई घ्यायची नाही, पाण्यावर मरू. नुसती इस्त्री आणि उसवलं-तुटलं शिवून देणं. त्याने गाळ्याचा मीटर बघितला, दोन वाफेच्या इस्त्र्यांचा भार तो पेलेल का ते वायरमनला आणून विचारलं, लोड वाढवून घेतल्याशिवाय गाळा घ्यायचा नाही म्हणाला. कंपनीतला माणूस कंपनीतल्यासारखा बोलायला लागला, तेव्हा पुढचं मी त्याच्यावर सोडलं.

गाळा मागचाच घेतला. सून शिवणाला बसली. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मी आतल्या शिवणीला रंगीत दोऱ्याचा टाका घालतो, प्रत्येक खोलीचा रंग वेगळा. लिहिण्यापेक्षा ते मला जमतं. पहिला आठवडा वाईट गेला. रोज चार-पाच युनिफॉर्म, बाकी वेळ माश्या. मुलगा माझ्याकडे बघायचा आणि मी रस्त्याकडे. तरी शटर एक दिवस उशिरा उघडू दिलं नाही.

मग पोरींची हॉस्पिटलची ड्युटी लागली. त्या सोमवारी सकाळी सव्वासहाला आम्ही पोचलो तर शटरसमोर नऊ जणी उभ्या, हातात चुरगळलेले युनिफॉर्म. एक ठसक्यात म्हणाली, काका, सातची बस आहे, तुम्ही दुकान उघडता की सण साजरा करता?

मुलाने शटर वर ढकललं, प्लग लावला आणि तिला म्हणाला, “इस्त्री तापायला तीन मिनिटं लागतात ताई, मला शिव्या देऊन ती लवकर तापत नाही.”

सगळ्या हसल्या. मी दोरे काढून बसलो.